सव्वाआठ फुटांचा प्रश्न

सरांचा लेख माझ्या हाती आला तो एका जुन्या दिवाळी अंकातून कापलेल्या बावीस पानांच्या गठ्ठ्याच्या रूपात. समासात सरांनीच हिरव्या शाईने केलेल्या दुरुस्त्या होत्या. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी कुठे असतं, ते कसं चालतं आणि मार्चनंतर कुठे जातं, हा विषय. सर भूवैज्ञानिक म्हणून निवृत्त झालेले, विहिरीत उतरून उतरून गुडघे गेलेले, आणि लिहिताना गप्पा मारल्यासारखे लिहिणारे. लेख सहा हजार शब्दांचा होता आणि मी तो एका बैठकीत वाचला होता.

ज्या संस्थेने तो पाठवला, तिला त्यातून पुस्तिका हवी होती. पुरंदर तालुक्यातल्या काही गावांत पाण्याची पातळी मोजायला स्वयंसेवक नेमायचे होते. त्यांत शेतकरी होते, दोन अंगणवाडीताई होत्या, बारावी होऊन घरी बसलेली काही मुलं होती. पुस्तिकेत प्रश्न आणि दोन-तीन ओळींची उत्तरं असावीत, ती संकल्पनांच्या मथळ्यांखाली लावावीत, आणि स्वयंसेवकांनी जोडीजोडीने एकमेकांना विचारून ती पक्की करावीत, अशी कल्पना. मी शालेय पूरक पुस्तकांचं संपादन करते. धड्याखालचे स्वाध्याय वर्षानुवर्षं तयार केले आहेत. पंधरा दिवसांची मुदत मिळाली तेव्हा मनात म्हटलं, आठ दिवसांत होईल.

दोन दिवसांतच झालं. मी पहिल्या परिच्छेदापासून सुरुवात केली आणि ओळीमागून ओळ प्रश्न करत गेले. शहाऐंशी प्रश्न झाले. मथळे बहुतेक सरांच्या उपशीर्षकांवरून घेतले: ‘लाव्हाच्या चादरी’, ‘विहिरीची भिंत वाचताना’, ‘पाणाड्याचा नारळ’, ‘मार्च महिन्याचं कोडं’. उत्तरं शक्यतो सरांच्याच शब्दांत ठेवली, म्हणजे चूक व्हायला जागाच नको. टाइप करून, दोनदा मुद्रितं तपासून, मी तो मसुदा पहिल्या प्रशिक्षण वर्गाला घेऊन गेले.

वर्ग शाळेच्या व्हरांड्यात भरला होता. सकाळी संस्थेच्या कार्यकर्त्याने विषय समजावला, दुपारी जोड्या पाडून प्रश्नोत्तरं सुरू झाली. अर्धा तास सगळं सुरळीत चाललं होतं. उत्तरं पटापट येत होती. मग एका ताईंनी वर बघितलं आणि विचारलं, “म्हणजे ताई, विहीर चिकणमातीतच काढावी ना? इथं लिवलंय, चिकणमाती लई पाणी धरते.” त्यांच्या शेजारी बसलेले पासष्टीचे आण्णा म्हणाले, “आन हे दुसरं चुकलंय. काळ्या पाषाणात पाणी नसतंय म्हणता, आमच्या हिरीला झरा पाषाणातनंच हाय. चला, दावतो.”

विहीर शाळेपासून चारशे पावलांवर होती. वरती आठ-दहा फूट मुरूम, खाली छिद्राछिद्रांचा, पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या खडक, आणि त्याच्याखाली काळा, घट्ट पाषाण. मांजऱ्या खडक ठाक कोरडा होता. पाणी पाषाणातल्या एका तिरक्या तड्यातून येत होतं, मनगटाएवढ्या धारेने. माझ्या पुस्तिकेतली दोन उत्तरं समोरच्या भिंतीवर खोटी ठरलेली मी पाहिली. आण्णा काही बोलले नाहीत, हीच त्यांची सभ्यता.

घरी येऊन मूळ लेख उघडला. सरांचं काही चुकलं असेल अशी आशा होती, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा परिच्छेद असा होता: खडकात पाणी राहायला मोकळी जागा लागते. मांजऱ्या खडकात वायूच्या बुडबुड्यांनी केलेली छिद्रं पुष्कळ असतात, पण ती एकमेकांना जोडलेली नसली तर ती जागा असून नसल्यासारखीच. उलट, अखंड दिसणाऱ्या काळ्या पाषाणात छिद्रं जवळजवळ नसतात. तरी तो तडकलेला असेल आणि ते तडे एकमेकांना मिळत असतील, तर विहिरीला पाणी त्यातूनच येतं. चिकणमातीची तऱ्हा आणखी निराळी: तिच्यात जागा भरपूर, पाणीही भरपूर, पण ती ते धरून बसते.

आणि या परिच्छेदाखालचे माझे प्रश्न असे होते:

प्र. मांजऱ्या खडकात पाणी कुठे साठतं?
उ. वायूच्या बुडबुड्यांनी केलेल्या छिद्रांत.

प्र. काळ्या पाषाणात पाणी का नसतं?
उ. त्यात छिद्रं जवळजवळ नसतात म्हणून.

प्र. चिकणमाती पाणी धरते का?
उ. हो, भरपूर धरते.

तिन्ही उत्तरांचे शब्द सरांचेच. एकही शब्द मी पदरचा घातला नव्हता. आणि तरी सरांनी म्हटलं होतं त्याच्या बरोबर उलट अर्थ तयार झाला होता. त्यांच्या वाक्यांत ‘पण’, ‘तरी’, ‘असेल तर’ या शब्दांच्या अलीकडे एक गोष्ट होती आणि पलीकडे दुसरी. मी प्रत्येक वेळी अलीकडची उचलली होती, कारण प्रश्न करायला ती सोपी असते. लेखात वाचक अर्ध्या वाक्यावर थांबत नाही, म्हणून तिथे अलीकडचा भाग धोकादायक नसतो. प्रश्नोत्तरात तो एकटाच उभा राहतो.

तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरवलं. या वेळी प्रश्न लिहायचेच नाहीत, आधी विधानं वेचायची. लेखाची झेरॉक्स काढली आणि समासात पेन्सिलीने चार प्रकारच्या खुणा केल्या. काय आहे ते सांगणाऱ्या वाक्याला ‘आ’, कारण सांगणाऱ्याला ‘का’, आकडा असलेल्याला ‘कि’, आणि अट घालणाऱ्याला ‘जर’. तीन दिवस लागले. एकशे चाळीसच्या आसपास विधानं निघाली आणि त्यांतल्या साठाच्या वर ‘जर’च्या खुणा होत्या. हे मला वाचताना कधीच जाणवलं नव्हतं. सरांची भाषा इतकी ऐसपैस होती की त्यांनी किती जागी स्वतःला आवरून धरलंय हे दिसतच नव्हतं. कातळाच्या विषयात जवळपास काहीच सरसकट खरं नसतं. पन्नास फुटांवर खडक बदलतो.

‘जर’च्या खुणांनी पहिला उपयोग झाला तो प्रश्नाचा शब्द बदलण्यात. ‘काळ्या पाषाणात पाणी का नसतं’ या प्रश्नात नसतं हे मीच ठरवून टाकलेलं आहे. त्याऐवजी ‘काळ्या पाषाणातून विहिरीला पाणी कधी येतं’ असं विचारलं की उत्तर द्यायला अट सांगावीच लागते. ती गाळून उत्तर पूर्णच होत नाही. पुढे मी जिथे ‘जर’ची खूण असेल तिथे ‘का’ आणि ‘काय’ सोडून ‘कधी’ने प्रश्न सुरू करायचा, असा नियमच केला. नियम म्हणून तो ओबडधोबड आहे. पण निम्मी दुरुस्ती त्याने झाली.

उरलेली निम्मी मथळ्यांत होती, आणि तिथे मी जास्त दिवस अडकले.

चिकणमातीचा गोंधळ अटीमुळे झालेला नव्हता. तो ‘धरणे’ या एका क्रियापदामुळे झाला होता. सर कधी ‘खडक पाणी धरतो’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ असतो, त्यात पाणी मावतं. कधी ‘धरून ठेवतो’ म्हणजे सोडत नाही. गावातही हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो आणि बोलताना कुणाचं अडत नाही, कारण ऐकणारा संदर्भ लावून घेतो. मी मात्र या सगळ्या वाक्यांना ‘खडकाची पाणी धरण्याची क्षमता’ असा एकच मथळा दिला होता. चिकणमातीची धारणा मोठी, पाषाणाची लहान, अशी एक उतरंडच त्या मथळ्याने नकळत उभी केली. मग त्या ताईंनी काढलेला निष्कर्ष अगदी तर्कशुद्ध होता. चिकणमातीत चाळीस टक्क्यांहून जास्त जागा मोकळी असू शकते आणि ती पाण्याने भरलेलीही असते. पण ती जागा इतक्या बारीक फटींची असते की पाणी कणांना चिकटून राहतं, विहिरीत उतरत नाही.

मी प्रश्नांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या. एक प्रश्न दोन मथळ्यांखाली बसतोय असं दिसलं, की दोहोंपैकी एक गोष्ट खरी असते: एक तर प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात, नाहीतर मथळेच एकमेकांवर चढलेले असतात. हे ओळखायला चिठ्ठीसारखं साधन नाही. संगणकावर ओळ कुठेही चिकटवता येते, चिठ्ठीला मात्र एकच जागा असते. अकरा चिठ्ठ्या कुठेच बसेनात. दोन दिवस त्या मिठाच्या बरणीखाली पडून होत्या आणि जेवायला बसलेलं प्रत्येक जण त्या वाचून मत देत होतं. त्या अकरांपैकी आठांमध्ये ‘धरणे’ होतं.

तेव्हा मथळे नामांऐवजी क्रियापदांचे केले. पाणी मुरतं. पाणी साठतं. पाणी सुटतं. पाणी चालतं. पाणी अडतं. आणि शेवटी, आपण पातळी मोजतो. सहा मथळे, प्रत्येकात एकच क्रिया. आता ‘धरणे’ लिहायची सोयच उरली नाही. प्रत्येक ठिकाणी साठतं म्हणायचं की सुटत नाही म्हणायचं, ते ठरवावं लागलं. तीन प्रश्नांच्या जागी असे आले:

प्र. खडकात पाणी साठायला काय लागतं?
उ. मोकळी जागा. ती छिद्रांची, भेगांची किंवा खडक झिजून झालेल्या मुरमाची असू शकते.

प्र. साठलेलं पाणी विहिरीत यायला आणखी काय लागतं?
उ. त्या मोकळ्या जागा एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात, आणि पाणी सुटेल इतक्या मोठ्या असाव्या लागतात.

प्र. भरपूर छिद्रं असूनही मांजऱ्या खडक कोरडा कधी निघतो?
उ. छिद्रं सुटी सुटी असतील किंवा पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतील, आणि खडक झिजलेला वा तडकलेला नसेल तर.

प्र. काळ्या पाषाणातून विहिरीला पाणी कधी येतं?
उ. त्यात तडे असतील, ते एकमेकांना मिळत असतील आणि वरच्या ओल्या थरापर्यंत पोहोचत असतील तर.

पहिला प्रश्न ‘साठतं’ खाली गेला, बाकीचे ‘सुटतं’ आणि ‘चालतं’ खाली. चिकणमातीचा प्रश्न ‘सुटतं’मध्ये गेला, तोही ‘पाण्याने भरलेली असूनही विहिरीला पाणी का देत नाही’ अशा रूपात. भरलेली असते हे प्रश्नातच सांगून टाकलं, म्हणजे त्यावर गुण मिळवायला नकोत.

सरांना हे फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अहो, तीस वर्षं मी ‘धरणे’ असंच शिकवत आलो. आता कळतंय पोरं का चुकत होती.” आणि लगेच, “पण तुम्ही माझा पाणाड्या काढून टाकलात, ते काही बरं नाही केलंत.”

पाणाड्याचं सांगायलाच हवं. लेखात एक संपूर्ण पान एका पाणाड्यावर होतं. तळहातावर नारळ उभा करून तो जागा दाखवायचा, आणि सरांच्या मते त्याला यश आलं तेव्हा नारळापेक्षा त्याच्या डोळ्यांचा वाटा मोठा होता. उंबराचं झाड, ओढ्याचं वळण, उन्हाळ्यातही हिरवं राहिलेलं गवत त्याला दिसत असे. फार सुंदर लिहिलं होतं. मी त्याचे चार प्रश्न केले आणि चारही फाडले. ‘पाणाड्याला जागा कशी कळे’ याचं उत्तर तीन ओळींत लिहिलं की त्याचा एक तर भोंदू होतो नाहीतर शास्त्रज्ञ. सरांच्या पानभर लिहिण्यात तो दोन्ही नव्हता, माणूस होता. असा मजकूर प्रश्नोत्तरात जात नाही. तो लेखातच राहू द्यावा, आणि पुस्तिकेबरोबर लेखाची प्रतही द्यावी, असं मी सुचवलं. छपाईचा खर्च वाढतो म्हणून संस्थेने आधी कुरकुर केली, मग दिली.

आता सव्वाआठ फुटांकडे येते, कारण पुस्तिकेतला सगळ्यात अवघड प्रश्न तोच होता.

भूजल मोजणाऱ्यांच्या भाषेत, भरलेल्या खडकाच्या एकूण आकारमानापैकी किती हिस्सा पाणी आपल्या वजनाने सुटून बाहेर येईल, याला एक भारदस्त नाव आहे. सरांनी ते दिलं होतं, व्याख्या दिली होती, आणि झिजलेल्या किंवा छिद्राळ, तडकलेल्या बेसॉल्टमध्ये हा हिस्सा एक ते तीन टक्क्यांच्या घरात असतो हेही. पहिल्या मसुद्यात मी तीच व्याख्या विचारली होती. ती सगळ्यांना पाठ झाली. एकाने तर डोळे मिटून, स्तोत्रासारखी म्हटली. मी त्याला विचारलं, “मग पाऊस झाला आणि विहीर आठ फूट वर आली, तर मुरलेलं पाणी किती?” तो म्हणाला, “आठ फूट.” व्याख्या येत होती आणि ती कशाची आहे ते ठाऊक नव्हतं.

ही चूक पुस्तकी नाही. गावात ऑक्टोबरमध्ये विहिरी वर आलेल्या दिसतात, लोक खूश होतात, ऊस लावतात, आणि फेब्रुवारीत पंप हवा ओढायला लागतो. ‘एवढं पाणी होतं, गेलं कुठं’ हे सरांच्या लेखातलं मार्च महिन्याचं कोडं. ते पाणी फार नव्हतंच.

म्हणून व्याख्या काढून टाकली आणि एक हिशोब घातला. आकडे मुद्दाम तोंडी करता येतील असे घेतले. समजा हंगामात वीस इंच, म्हणजे साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याचा दहावा हिस्सा खाली मुरला. म्हणजे दोन इंच पाणी. खडकात सुटणारं पाणी मावेल अशी जागा शंभरात दोन. तर ते दोन इंच पाणी खडकाचे किती इंच भरेल? शंभर इंच. म्हणजे साधारण सव्वाआठ फूट. विहिरीतली पातळी सव्वाआठ फूट चढली, आणि जमिनीत आलेलं पाणी मात्र आहे दोन इंच. एका हेक्टरखाली ते पाच लाख लिटर होतं. आकडा मोठा वाटतो, पण शेतात ते दोन इंचांचंच एक पाणी.

हाच प्रश्न उलटा करून दुसरा लिहिला. तेवढंच दोन इंच पाणी तापी-पूर्णेच्या गाळाच्या जमिनीत मुरलं, आणि तिथे सुटणाऱ्या पाण्याची जागा शंभरात दहा धरली, तर पातळी किती चढेल? वीस इंच. पावणेदोन फूटही नाही. म्हणजे जिथे विहीर कमी चढली तिथे पाणी कमी आलं असं म्हणता येत नाही. हे दोन प्रश्न शेजारीशेजारी ठेवले की वर्गात नेहमी एक शांतता पसरते, आणि मग कुणीतरी म्हणतं, “म्हणजे आपली विहीर नुसती उंच दिसती.” मला व्याख्येहून हे वाक्य जास्त आवडतं, पण ते उत्तरात छापलं नाही. छापलं असतं तर तेही पाठ झालं असतं.

इथे माझ्या आवडत्या नियमाचा बळी गेला. उत्तर तीन ओळींपेक्षा मोठं नको आणि एका उत्तरात एकच गोष्ट हवी, हे मी इतरांना शिकवते. सव्वाआठ फुटांचं उत्तर सहा ओळींचं आहे. ते तोडून चार प्रश्न केले होते: किती मुरलं, किती जागा, भागाकार किती, फूट किती. चारही बरोबर यायचे आणि पुन्हा मूळ प्रश्न विचारला की तोंडाला कुलूप. कारण प्रत्येक तुकड्यात पुढे काय करायचं ते प्रश्नच सांगत होता. पावलं येत होती, चालता येत नव्हतं.

गेरूच्या थराचंही तेच झालं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो, त्याला विहीर खणणारे गेरू म्हणतात. तो चिकट, मातकट असतो, पाण्याला पटकन वाट देत नाही. सलग असेल तिथे वरून येणारं पाणी त्याच्यावर अडतं, आडवं सरकतं आणि विहिरीच्या भिंतीला त्याच्या जरा वर ओल दिसते. यावर पाच प्रश्न होते. पाचांची उत्तरं देणाऱ्या मुलाला मी आण्णांच्या शेजारच्या विहिरीवर नेलं. गेरूचा पट्टा समोर, त्याच्या वीतभर वर शेवाळ. “हे शेवाळ इथंच का?” तो मुलगा गेरूची व्याख्या सांगू लागला.

तेव्हापासून प्रत्येक मथळ्याच्या शेवटी एक साखळीचा प्रश्न ठेवला. त्यात लहान प्रश्नांची उत्तरं एकामागून एक जोडून सांगायची असतात, आणि त्याची सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीपासून होते: शेवाळ, पंपाने ओढलेली हवा, ऑक्टोबरमध्ये चढलेली आणि जानेवारीत उतरलेली विहीर. उत्तर लांब असलं तरी चालतं. लेखातला क्रम मी मथळ्यांसाठी मोडला होता. तो थोडासा इथे परत आला. पण प्रत्येक उत्तराला साखळी लावायची नाही. तसं केलं की पुस्तिकेचा पुन्हा लेख होतो, आणि तोही सरांच्या लेखाइतका चांगला नाही.

बाकीच्या दुरुस्त्या कारकुनी होत्या, एकीचं तेवढं सांगते. शेवटच्या फेरीत मी सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि एकेक उचलून वाचली. ‘हा थर कुठे आढळतो?’ कोणता थर? ‘त्यामुळे काय होतं?’ कशामुळे? मूळ ठिकाणी मागचा प्रश्न वाचून आपण हे आपोआप भरत असतो. पिसल्यावर अशा चौदा चिठ्ठ्या सापडल्या. आणि एक अशीही सापडली की जिचं उत्तर तिच्या मथळ्यातच होतं: ‘पाणी अडतं’ या मथळ्याखाली ‘गेरूच्या थरापाशी पाण्याचं काय होतं?’ तिला ‘चालतं’खाली हलवलं, आणि मग कुणाला तरी पाणी आडवं सरकतं हेही आठवायला लागलं.

शहाऐंशीचे एकसष्ट प्रश्न उरले. पंधरा दिवसांचे सात आठवडे झाले होते. संस्थेने जादा दिवसांचे पैसे दिले नाहीत, आणि मागायचं तोंडही मला नव्हतं.

छापायला जाण्याआधी प्रत सरांकडे पाठवली. ती परत आली तेव्हा समासात हिरवी शाई अगदी थोडी होती. एका ठिकाणी ‘बहुधा’ घातलं होतं, एका ठिकाणी ‘सलग असेल तर’. शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात बासष्टावा प्रश्न लिहिला होता: ‘तुमच्या विहिरीत गेरू किती फुटांवर लागतो?’ त्याखाली ‘उ.’ आणि पुढे एक लांबच लांब रेघ.

मी फोन केला. म्हटलं, “सर, याचं उत्तर काय छापू?”

“रेघच छापा,” ते म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात पातळ्यांच्या नोंदी घ्यायला गेले तेव्हा आण्णांची पुस्तिका पाहिली. कोपरे दुमडलेले, चहाचा डाग. शेवटच्या पानावरच्या रेघेवर बॉलपेनने लिहिलं होतं: २२ फूट. त्याच्यापुढे, जागा संपल्यामुळे वर वळवून: फक्त उगवतीच्या बाजूस.